कंट्रोल वाल्व्ह अडखळतोय? पोझिशनरच्या दांडीपासून तपासणी सुरू करा

मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्यात ऐन गाळपात, रात्रपाळीला बॉयलरवरच्या ऑपरेटरचा फोन आला. "साहेब, डीएरेटरचा वाफेचा वाल्व्ह ऐकंना झालाय. सिग्नल देतोय तरी हलत नाही, अन् हलला की एकदम उडी मारतोय." पावसाळ्यात फुगलेलं लाकडी दार आठवा. हळू ढकललं तर हलत नाही, जोर वाढवत नेला की धाडकन भिंतीवर आपटतं. वाल्व्हचं नेमकं तेच चाललं होतं.

वाल्व्ह साधा होता. खालून हवा दिली की उघडायचा, हवा गेली की वरची स्प्रिंग तो बंद करायची. डायफ्रॅमचं क्षेत्रफळ 300 चौरस सेंटिमीटर, स्टेमची चाल 20 मिलिमीटर आणि स्प्रिंग 0.2 ते 1.0 बारची. म्हणजे 0.2 बारला स्टेम हलायला लागावा आणि 1.0 बारला पूर्ण वर यावा. या 0.8 बारमधून 2400 न्यूटन जोर मिळतो, म्हणजे दर मिलिमीटरला 120 न्यूटन.

आता ग्लँडमधलं पॅकिंग स्टेमला आवळून धरतं. समजा ते 240 न्यूटननं अडवतंय. स्टेमला सिग्नलनुसार नेमक्या जागी आणणारं उपकरण, म्हणजे पोझिशनर, नसेल तर 50 टक्के सिग्नलला वर जाणारा स्टेम 10 ऐवजी 8 मिलिमीटरवरच थांबतो आणि खाली येणारा 12 वर अडकतो. सिग्नल तोच, पण वाल्व्हच्या जागेत 4 मिलिमीटरचा फरक.

पोझिशनर हा फरक काढतो, कारण तो किती हवा दिली हे बघत नाही, स्टेम कुठे पोचला हे बघतो. स्टेमच्या पिनवर एक दांडी बसवलेली असते, तिलाच फीडबॅक लिव्हर म्हणतात. सिग्नल वाढला की आतला तराजूसारखा दांडा कलतो, फ्लॅपर नॉझलजवळ जातो, नॉझलमागचा दाब वाढतो आणि पायलट रिले डायफ्रॅमला हवा सोडतो. स्टेम वर सरकला की लिव्हर फिरतो आणि आतली छोटी स्प्रिंग ताणतो. तिची ओढ सिग्नलच्या जोराइतकी झाली की फ्लॅपर परत जागेवर येतो. स्टेम पॅकिंगमध्ये अडकला तर लिव्हर फिरत नाही, तराजू कललेलाच राहतो आणि हवा वाढतच जाते. आपल्या उदाहरणात ती 0.6 बारवर न थांबता 0.68 बारपर्यंत जाते. तो जादा 0.08 बार म्हणजेच 240 न्यूटन. खाली येताना त्याच जागी गेज 0.52 बार दाखवतो.

घर्षण मोजायची सगळ्यात सोपी रीत इथेच सापडते आणि त्यासाठी पोझिशनर काढावा लागत नाही.

आधी कंट्रोल रूमला कळवा, बायपासवर घ्या आणि वाल्व्हच्या दोन्ही बाजू बंद करून लाइनमधला दाब काढा. चाचणी चालू असताना स्टेम आणि लिव्हरजवळ हात नेऊ नका, कारण अडकलेला स्टेम कधी उडी मारेल ते सांगता येत नाही. फिल्टर रेग्युलेटरचं पाणी सोडून द्या. आपल्याकडे कॉम्प्रेसरची हवा पाणी आणि धूळ दोन्ही घेऊन येते आणि नॉझलचं छिद्र बारीक असतं. मग पुरवठ्याचा दाब 1.4 बार ठेवा.

सिग्नल 4 ते 20 मिलिअँपिअरचा असतो. कॅलिब्रेटरवरून तो सावकाश वाढवत 12 मिलिअँपिअरवर, म्हणजे 50 टक्क्यांवर आणा. स्टेम 10 मिलिमीटरवर थांबला की आउटपुट गेज वाचा. मग सिग्नल 20 पर्यंत नेऊन सावकाश परत 12 वर आणा आणि पुन्हा वाचा. दोन आकड्यांतल्या फरकाचं अर्धं म्हणजे घर्षण. त्या रात्री वर जाताना 0.76 आणि उतरताना 0.44 बार आलं. फरक 0.32, अर्धा 0.16 बार, म्हणजे 480 न्यूटन.

मग कळलं की दोन दिवसांपूर्वी ग्लँडमधून वाफ गळत होती आणि कुणीतरी नट चांगलाच आवळला होता. पोझिशनर जादा हवा देत होता, पण थांबलेल्या स्टेमला सोडवायला लागणारा जोर हलत्या स्टेमच्या घर्षणापेक्षा जास्त असतो. तो सुटेपर्यंत साठलेला दाब सुटल्यावर स्टेमला गरजेपेक्षा पुढे नेतो, पोझिशनर त्याला परत खेचतो, आणि स्टेम पुन्हा अडकतो.

दुसरी अडचण बंद होताना येते. हवा वाल्व्ह उघडू शकते, बंद मात्र स्प्रिंगच करते. पोझिशनर फार तर हवा शून्यावर आणेल. बंद अवस्थेत स्प्रिंगकडे 0.2 बारचा म्हणजे 600 न्यूटन जोर असतो. त्यातले 480 पॅकिंगनंच खाल्ले, तर प्लग सीटवर दाबायला 120 उरतात आणि खालून वाफ तर ढकलतच असते. म्हणूनच 4 मिलिअँपिअरला वाल्व्ह पास होत होता, म्हणजे बंद असूनही वाफ सोडत होता. झिरो फिरवून यावर इलाज होत नाही. पॅकिंग बदलून नट दोन्ही बाजूंनी सारखे, थोडे थोडे आवळल्यावर घर्षण 0.07 बार, म्हणजे 210 न्यूटनवर आलं.

आता दांडीचं बघू. पिनला धरून लिव्हर हळूच हलवा. खाच झिजली असेल तर खडखडेल. खाचेत अर्धा मिलिमीटर ढिलाई असेल, तर 20 मिलिमीटरच्या चालीत अडीच टक्क्यांची चूक आलीच, आणि ती पोझिशनरला दिसतही नाही. पिन खाचेच्या एकाच बाजूला दाबून धरणारी बारीक स्प्रिंग तिथे असते. ती आहे ना ते बघा, कारण काढल्यावर हमखास हरवणारी वस्तू तीच.

12 मिलिअँपिअरला, स्टेम बरोबर मध्यावर असताना, लिव्हर स्टेमला काटकोनात हवा. तो तिरका बसला तर 4 आणि 20 ला आकडे जुळतात आणि मधले चुकतात. टोकं बरोबर आणि मध्य चुकीचा दिसला, की स्क्रू फिरवत बसू नका, ब्रॅकेट सरळ करा. पिन लिव्हरवरच्या आपल्या चालीच्या खुणेला लावा.

मग 4 ला झिरो आणि 20 ला स्पॅन. एक फिरवला की दुसरा थोडा सरकतो, म्हणून दोन-तीनदा करावं लागतं. त्यानंतर 4, 8, 12, 16, 20 असं चढत आणि मग उतरत जा. स्टेम 0, 5, 10, 15, 20 मिलिमीटर दाखवायला हवा, आणि दोन्ही वाटांवर तोच. नवीन डिजिटल पोझिशनर हे सगळं ऑटो-कॅलिब्रेशननं करतात, पण झिजलेली खाच तेही बरी करू शकत नाहीत.

पिन निखळली तर लिव्हर एका जागी थिजतो. सिग्नल जरा पुढे-मागे झाला की पोझिशनर एकतर सगळी हवा सोडतो किंवा सगळी काढून घेतो, आणि वाल्व्ह टोकाला जाऊन बसतो. असा वाल्व्ह दिसला की आधी कव्हर उघडू नका, खाली वाकून पिन शोधा.