निवडलेलं नाव कागदपत्रांवर कसं आणायचं (महाराष्ट्रातल्या ट्रान्स व्यक्तींसाठी)

पहिली गोष्ट म्हणजे नाव बदलणं आणि लिंगाची नोंद बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ती एकत्र बांधून ठेवल्यामुळे लोकांची वर्षं जातात. "आधी कलेक्टरचं सर्टिफिकेट काढ, ते आल्याशिवाय नावाला हात लावू नको" हा सल्ला मी इतक्या जणांकडून ऐकलाय की आता चिडच येते. राजपत्रात, म्हणजे आपण ज्याला गॅझेट म्हणतो त्यात, नाव बदलायचा हक्क कुठल्याही सज्ञान माणसाला आहे. लग्न झालेली बाई बदलते, अंकशास्त्रवाल्याचं ऐकून एखादा जास्तीचा ए टाकणारा बदलतो, तसंच तुम्हीही बदलू शकता. जिल्हाधिकाऱ्यांचं ट्रान्सजेंडर ओळख प्रमाणपत्र असेल तर उत्तमच, पुढे त्याचा उपयोग होतो, पण ते नाही म्हणून नाव अडत नाही. प्रमाणपत्राचे नियम बदलतात, त्यामुळे ते करताना अर्जाच्या दिवशी त्याच्या सरकारी पोर्टलवर काय लिहिलंय तेच बघा, दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीने काय केलं ते नको. इथे मी फक्त नावाबद्दल लिहितेय.

क्रम असा: राजपत्र, मग आधार, मग पॅन, मग बँक आणि बाकी सगळं. हा क्रम मोडू नका, का ते पुढे येईलच.

राजपत्राचा अर्ज भरायच्या आधी

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि नेमका इथेच कोणी वेळ देत नाही. फॉर्म भरायला अर्धा तास लागतो, पण त्यात कुठलं नाव टाकायचं हे ठरवायला निवांत बसा, वही घ्या, सगळी जुनी कागदपत्रं समोर पसरा.

एक उदाहरण घेऊ. समजा जुनं नाव गणेश दत्तात्रय पवार आणि हवं असलेलं नाव गौरी. आता प्रश्न असा की फक्त गणेशचं गौरी करायचं, की वडिलांचं नाव काढायचं, की आडनावही बदलायचं? घरच्यांनी हाकलून दिलेल्या माणसाला बापाचं नाव मधे ठेव म्हणणं किती जड जातं ते मला सांगायला नको. तरीही माझं मत पक्कं आहे: जमत असेल तर फक्त पहिलं नाव बदला, मधलं आणि आडनाव तसंच राहू द्या. कारण भावनेचं नाही, कागदाचं आहे. जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी वडिलांकडच्या नात्यावर उभी असते, दहावीच्या मार्कशीटवर पूर्ण नाव आहे, सातबाऱ्यावर किंवा वारसाच्या कागदावर पुढे कधी नाव यायचं असेल तर "दत्तात्रय पवार यांचं अपत्य" हा धागा लागतो. पहिलं नाव बदललं तर तो धागा डोळ्याला दिसतो, तिन्ही बदलली तर प्रत्येक टेबलावर तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागतं की तो आणि ही एकच. आणि २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्यातही, कलम ७ मध्ये, ओळख प्रमाणपत्र मिळालेल्याला जन्मदाखल्यावर आणि इतर ओळखीच्या कागदपत्रांवर जे बदलायचा हक्क दिलाय ते "पहिलं नाव" आहे, पूर्ण नाव नाही. त्यामुळे पहिलं नाव बदलणाऱ्याच्या बाजूने कायद्याचं वाक्य सरळ उभं राहतं.

डेऱ्यातल्या काहीजणी मधे गुरूचं नाव लावतात. लावायचं असेल तर लावा, पण फक्त गुरूशी नातं कागदावर दिसावं एवढ्यासाठी नावात ते घालायची गरज नाही, मतदार नोंदणीच्या फॉर्म ६ मध्ये नात्याच्या रकान्यात तृतीयपंथी व्यक्तींसाठी गुरू हा पर्याय आहेच. आईचं नाव मधे हवं असेल तर तेही होतं, फक्त हल्ली जे "सरकारी कागदावर आईचं नाव सक्तीचं" ऐकू येतं ते १ मे २०२४ ला आणि नंतर जन्मलेल्यांसाठी आहे, तुमच्या जुन्या कागदांवर ते आपोआप येणार नाही.

दुसरं, इंग्रजी स्पेलिंग. मराठीत गौरी एकच, इंग्रजीत Gauri, Gouri, Gowri. आधार, पॅन, पासपोर्ट, बँक सगळीकडचं मॅचिंग इंग्रजी अक्षरांवर चालतं, म्हणून एक स्पेलिंग ठरवा, मोठ्या अक्षरात वहीत लिहा आणि त्यानंतर प्रत्येक फॉर्ममध्ये बघूनच टाका, आठवणीतून टाकू नका. आणि "नाव थोडे दिवस वापरून बघते, नाही आवडलं तर बदलेन" असं असेल तर थांबा. मित्रमैत्रिणींमध्ये, इन्स्टावर, ऑफिसमध्ये हवं तेवढं वापरून बघा, पण राजपत्रात जायच्या आधी पक्कं करा, कारण आधारवर नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येतं.

तिसरं आणि सगळ्यात दुर्लक्षित, म्हणजे जुन्या नावाचा रकाना. लोक नवीन नावाच्या आनंदात असतात आणि जुनं नाव घाईत टाकून मोकळे होतात. आपल्या उदाहरणात आधारवर Ganesh Dattatray Pawar आहे, पॅनवर Ganesh Dattatraya Pawar, आणि मतदार कार्डावर दत्तात्रयचं दत्तू. राजपत्रातलं जुनं नाव आधारवरच्या अक्षरांशी जुळलं नाही तर आधार केंद्रावर अर्ज नाकारला जाऊ शकतो, कारण राजपत्रातला गणेश आणि कार्डावरचा गणेश त्यांच्या दृष्टीने दोन माणसं. माझा स्वतःचा अर्ज एका केंद्रावरून असाच परत आला होता, एका ए वरून, आणि तिथला मुलगा चांगला होता तरी त्याच्या हातात काही नव्हतं. म्हणून जुन्या नावात आधारवरचं नाव जसंच्या तसं टाका आणि पॅनवरचं वेगळं असेल तर ते "उर्फ" लावून पुढे घाला. आधी आधारवरचं जुनं स्पेलिंग दुरुस्त करून घेऊ असला शहाणपणा करू नका, त्यात दोनपैकी एक संधी जळते आणि तीही ज्या नावाला तुम्ही सोडून चाललाय त्याच्यासाठी.

अर्ज

dgps.maharashtra.gov.in वर जाऊन नाव बदलाचा ऑनलाइन अर्ज करा, नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हीत, कागद अपलोड, फी भरा, झालं. महाराष्ट्राचं राजपत्र आधारला चालतं, त्यामुळे "दिल्लीचं सेंट्रल गॅझेट लागतं" म्हणून जास्त पैसे मागणाऱ्या एजंटला नमस्कार करा. केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर मात्र आधी आपल्या ऑफिसला विचारा. कारणाच्या रकान्यात आत्मचरित्र लिहू नका. सबमिट करायच्या आधी दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने स्पेलिंग वाचायला सांगा, आपल्या डोळ्यांना आपली चूक दिसत नाही. छापून आलं की पीडीएफ डाऊनलोड करून दोनतीन ठिकाणी ठेवा, तुमची नोंद ज्या पानावर आहे ते आणि राजपत्राचं पहिलं पान अशी रंगीत प्रिंट काढा.

आधार

इथे दोन कागद लागतात, राजपत्र आणि जुन्या नावाचं एक ओळखपत्र. हे दुसरं लोक विसरतात. उत्साहात आधी पॅन बदलतात, मतदार कार्ड बदलतात, लायसन्स बदलतात, आणि आधार केंद्रावर गेल्यावर जुन्या नावाचा एकही फोटोचा कागद हातात उरलेला नसतो. म्हणून वर क्रम दिलाय. आधार होईपर्यंत बाकी कशालाही हात लावू नका. पहिलं नाव पूर्ण बदलताय म्हणजे राजपत्र लागणारच, "थोडंसं करेक्शन" म्हणून कोणी करून देतो म्हणाला तरी ऐकू नका.

केंद्रावर ऑपरेटर हमखास विचारतो, "जेंडर पण करून टाकू का, एकाच फीमध्ये होईल." खरंय, एका वेळी दोन बदल केले तरी फी एकदाच लागते. पण आधारवर लिंगाची नोंद एकदाच बदलता येते. आज तुम्ही तिथे ट्रान्सजेंडर करून घेतलं आणि पुढे कागद स्त्री किंवा पुरुष असा झाला तर ती एक संधी संपलेली असते, मग आधारच्या १९४७ या हेल्पलाइनला फोन आणि प्रादेशिक कार्यालयाला विनवण्या. पंच्याहत्तर रुपये वाचवायला एवढी मोठी गोष्ट खर्ची घालू नका. शेवटी काय नोंद हवी हे पक्कं असेल आणि त्याचा कागद हातात असेल तरच करा, नाहीतर सरळ म्हणा, "फक्त नाव." आणि तो स्क्रीन तुमच्याकडे फिरवेल तेव्हा वही काढून अक्षर अक्षर बघा, सही त्यानंतर. पावतीवरचा नंबर जपून ठेवा.

पॅन

दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन, पुरावा म्हणून राजपत्र, नंबर तोच राहतो. नाव आधारसारखंच टाका. पॅन आणि आधार अजून लिंक नसतील तर लक्षात ठेवा की लिंक होताना नाव, जन्मतारीख आणि लिंग तिन्ही जुळावं लागतं, म्हणजे एकीकडे लिंग बदललं आणि दुसरीकडे नाही असं अर्धवट ठेवलंत तर तिथे अडकाल.

बँक, मतदार कार्ड, लायसन्स

बँकेत नवीन आधार, पॅन, राजपत्र आणि एक साधा अर्ज. सही बदलायची असेल तर त्याच दिवशी बदला. मतदार यादीसाठी फॉर्म ८. लायसन्स परिवहनच्या वेबसाइटवरून. नोकरी करत असाल तर पीएफचं नाव विसरू नका, ते संयुक्त घोषणापत्राने होतं, आणि तुमच्या खात्यासाठी एचआरची मंजुरी लागत असेल तर एचआरला आठवण करावीच लागते.

पासपोर्ट

री-इश्यूचा अर्ज, वैयक्तिक माहितीत बदल या कारणाखाली. हे आधार आणि पॅननंतरच करा. पहिलं नाव आणि आडनाव वेगळ्या रकान्यात जातं, मधलं नाव पहिल्या नावाच्या रकान्यात. अपॉइंटमेंटच्या आधी तिथल्या यादीत बघा की तुमच्या प्रकारासाठी वर्तमानपत्रातल्या जाहिरातींची कात्रणं मागितलीत का, मागितली असतील तर झेरॉक्स नाही, अख्खा मूळ पेपर न्या.

दहावीचं मार्कशीट

राजपत्र आलं म्हणून बोर्डाचं रेकॉर्ड आपोआप बदलत नाही, आणि शाळा सोडल्यानंतर नाव बदलायला बोर्ड सहज तयार होत नाही. इथे मात्र ते ओळख प्रमाणपत्र कामाला येतं. ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याच्या २०२० च्या नियमांसोबत कागदपत्रांची जी यादी आहे तिच्यात दहावी-बारावीची प्रमाणपत्रं आहेत, आणि प्रमाणपत्रासह अर्ज आल्यावर १५ दिवसांत बदल करावा असं नियमात आहे. तोंडी विचारलंत तर "होत नाही" एवढंच ऐकाल. लेखी अर्ज द्या, त्यात कायदा आणि नियमाचं नाव लिहा, प्रमाणपत्र आणि राजपत्र जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिक्का असेल तर नंतर माहितीच्या अधिकारात विचारता येतं, विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं. प्रमाणपत्र नसेल तर मार्कशीट तसंच राहू द्या आणि नोकरीच्या फाइलमध्ये त्याच्या मागे राजपत्राची प्रत टाचून द्या, बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर भागतं.

जुन्या आधारची आणि पॅनची झेरॉक्स मात्र फाडू नका. माहितीये, फाडावीशी वाटते. एका पाकिटात घालून कपाटात वर टाका, एखादी जुनी पॉलिसी किंवा एफडी निघाली की तेच पाकीट शोधावं लागतं.