मे महिन्यात गाडीत वास लावायचाय? निघायच्या आठ दिवस आधीपासूनची तयारी

मागच्या मे महिन्यात नागपूरहून चिखलदऱ्याला निघालो आणि कोंढाळीलाच गाडी बाजूला घ्यावी लागली. आदल्या दिवशी मी हौसेने जेलच्या फ्रेशनरचा नवा डबा आणून झाकण पूर्ण उघडून डॅशबोर्डवर ठेवला होता, गाडी दुपारभर उन्हात उभी, आणि सकाळी काकू मागच्या सीटवर बसली तेव्हापासूनच गप्प. तिला अर्धशिशीचा त्रास आहे हे मला माहीत होतं, पण डोक्यातच आलं नाही. तासाभराने म्हणाली, "अरे तो वास काढ आधी, डोकं फुटून राहिलं माझं." मला तर वास येतच नव्हता! या वर्षी परत जायचंय, तर ही तयारी मी स्वतःसाठीच लिहून काढतोय, कोणाच्या कामी आली तर बरंच.

सगळ्यात आधी, म्हणजे साधारण आठ दिवस आधी, काहीही विकत आणायचं नाही, गाडीत आत्ता कसला वास येतोय तो शोधायचा. मॅट उचलून खालचं कार्पेट हाताने दाबून बघायचं, ओलं लागलं तर वास तिथलाच. एसी लावल्यावर पहिली दोन मिनिटं ओल्या मोज्यासारखा कुबट वास येत असेल तर केबिन फिल्टर बघायचा, बऱ्याच गाड्यांमध्ये तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि पाच मिनिटांत हाताने निघतो. माझा काढला तर त्यात कडुनिंबाची पानं आणि धूळ यांचा गालिचा झाला होता. तो झटकून परत लावू नका, बदलाच. एसीच्या आतल्या थंड जाळीवर पाणी साचून बुरशी धरते, त्यासाठी सोपी सवय म्हणजे घर यायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा, जाळी सुकते. सीटवर दूध किंवा सांबार सांडलेलं असेल तर पुसून, पूर्ण वाळवून, रात्रभर खायचा सोडा पसरून सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा. एवढं केलं की निम्म्या लोकांना फ्रेशनर लागतच नाही असं माझं मत आहे, बाकी निम्म्यांना थोडासा लागतो.

एक गोष्ट मात्र नीट बघा. पेट्रोलचा, धुराचा, जळक्या वायरचा किंवा एसी-हीटर लावल्यावर गोडसर वास येत असेल (तो कूलंट गळतीचा असू शकतो) तर त्यावर मोगरा मारू नका, सरळ मेकॅनिककडे जा. फ्रेशनरचा मोठा धोका हाच की तो असले वास झाकून टाकतो.

आता विकत घ्यायचा तो कुठला. दुकानात आपण नाकाला लावून ‘मस्त आहे’ म्हणतो ते एसीत, फार तर पंचवीस अंशांत. गाडीतलं गणित वेगळं. बाहेर 42-43 अंश असताना बंद गाडी उन्हात तासभर उभी राहिली की आतली हवा सहज साठीच्या घरात जाते, आणि काचेखालचा डॅशबोर्ड तर हात ठेववत नाही इतका, सत्तर अंशांच्या आसपास तापतो. ढोबळमानाने तापमान दहा अंशांनी वाढलं की सुगंधी तेल उडायचा वेग जवळपास दुप्पट होतो. पंचवीसवरून पंचावन्नवर गेलं म्हणजे तीनदा दुप्पट, आठपट झालं. पाकिटावर ‘साठ दिवस टिकतो’ लिहिलेला माझा डबा बारा-तेरा दिवसांत सुकून तळाला चिकटला, आणि त्या दिवसांत त्याने सगळा माल एकदम सोडला तो काकूच्या डोक्यात.

म्हणून या वेळी नियम एकच ठेवलाय, ज्याचा जोर मला हाताने कमी करता येतो तोच आणायचा. जेलच्या डब्याला फिरवायचं झाकण असतं, ते बोटभर फट राहील एवढंच उघडायचं. कागदी कार्डाचं प्लास्टिक आपण एका झटक्यात फाडून टाकतो, तसं न करता वरचं टोक कापून कार्ड दर आठवड्याला थोडं-थोडं बाहेर ओढायचं. लाकडी टोपीची छोटी बाटली असेल तर आतलं प्लास्टिकचं बूच काढून टोपी लावायची, दोन सेकंद उलटी धरून टोपी ओली करायची आणि सरळ करायची. उलटी करताना डॅशबोर्डपासून लांब, गाडीच्या बाहेर उभं राहूनच. त्या तेलाने प्लास्टिक मऊ पडतं आणि पांढरा डाग कायमचा राहतो, थेंब सांडलाच तर लगेच साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसा, वाट बघू नका. एसीच्या व्हेंटला लावायच्या क्लिपचा एक तोटा म्हणजे हवा थेट तोंडावर येते, तो लावायचाच तर ड्रायव्हरपासून लांब, डाव्या टोकाच्या व्हेंटला आणि कमीत कमी सेटिंगवर.

वासाची निवड हा ज्याच्या-त्याच्या नाकाचा प्रश्न आहे, पण अर्धशिशीवाल्या माणसासाठी मी गोड आणि जड वास, म्हणजे केवडा, व्हॅनिला, ऊद, सरळ बाजूला ठेवले आणि लिंबाचा हलका घेतला. तोही जास्त झाला की डोकं दुखतंच, नैसर्गिक लिहिलंय म्हणून सौम्य असतो असं काही नाही. दमा असलेलं कोणी बसणार असेल तर मी कोळशाची पिशवीच ठेवतो, तिला स्वतःचा वासच नसतो, थोडाफार दुर्गंध ती धरून ठेवते. तिला मात्र मधूनमधून दोन-तीन तास ऊन दाखवायचं म्हणजे ओलावा निघतो. आमच्याकडे बरेच जण कापराची पोटली टांगतात. वास चांगला, पण उन्हात कापूर भराभर उडून जातो, तो पेट घेतो, आणि लहान पोराने तोंडात घातला तर विषारी आहे. पोरं मागे बसणार असतील तर मी नाही ठेवणार. डांबरगोळ्या तर अजिबात नको.

स्प्रेच्या डब्याबद्दल वेगळं लिहितो कारण तो ग्लोव्ह बॉक्समध्ये पडलेला सगळ्यांकडे असतो. त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की 50 अंशांच्या वर ठेवू नका, आणि वर लिहिलेला हिशोब बघा. आत दाबाखाली पेट घेणारा वायू असतो, फुगून डबा फुटू शकतो. डिओडरंटचं पण तेच. असले डबे गाडीतून काढून घरी ठेवायचे. मारायचाच असेल तर दारं उघडी ठेवून थोडासा, आणि त्यानंतर काही मिनिटं गाडीत लायटर-काडेपेटी नाही.

जागा ठरवताना मी दुपारी दोन वाजता गाडीत बसून बघितलं की ऊन कुठे-कुठे येतंय. डॅशबोर्ड, मागच्या काचेखालची फळी आणि आरसा हे तिन्ही बाद. आरशाला लटकवलं की समोरचं पण झाकतं. गोल काचेची चकचकीत बाटली उन्हात भिंगासारखं काम करू शकते, एकाच ठिपक्यावर ऊन धरून सीट करपवू शकते, म्हणून तसली उघड्यावर नकोच. डॅशबोर्डवर एअरबॅग लिहिलेल्या जागेवर काहीही चिकटवायचं नाही, ती उघडली की तो डबा दगडासारखा अंगावर येणार. मी सीटखाली ठेवावा म्हणत होतो, पण सुटा डबा घरंगळत ब्रेकखाली गेला तर? शेवटी गियरमागचा कपहोल्डर ठरला, सावलीत, घट्ट बसतो, आणि मागच्या माणसाच्या नाकाच्या बरोबर खाली येत नाही.

चार दिवस आधी चाचणी घ्यायची. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फ्रेशनर जागेवर ठेवून गाडी भर दुपारी तासभर बंद ठेवायची, मग दार उघडून पहिला श्वास. तो घशाला लागला की जोर जास्त. ड्रायव्हरचं नाक भरवशाचं नाही, कारण सतत एकच वास घेतला की काही मिनिटांत नाकाला तो कळेनासा होतो, म्हणूनच तर मला कोंढाळीपर्यंत पत्ता नव्हता. मग ज्याला सगळ्यात जास्त त्रास होतो त्याला मागे बसवून वीस मिनिटं चक्कर मारायची. वास कसा आहे हे विचारायचं नाही, विचारलं की लोक भिडेपोटी छान म्हणतात. काच खाली केली, नाकाला पदर लावला, कपाळ चोळलं की समजून जा. गाडीतून उतरल्यावर डोकं हलकं झालं आणि परत बसल्यावर दुखायला लागलं तर संशय वासावरच घ्यायचा. मी पहिल्या दिवशी फट एक बोट ठेवली होती, काकूने कपाळाला हात लावला, दुसऱ्या दिवशी अर्ध्या बोटावर आणली, तेव्हा ती रस्त्याकडेच्या आंब्यांच्या भावावर बोलत बसली. म्हणजे जमलं.

आदल्या रात्री झाकण पूर्ण बंद. सकाळी चारही काचा खाली, पंखा जोरात, दोन मिनिटं साचलेला वास आणि उष्णता बाहेर जाऊ द्यायची, मग काचा वर आणि एसी. आतली हवा आतच फिरवणारं बटण (गाडीत गोल बाण असलेलं) आपण उन्हामुळे तासन् तास चालू ठेवतो, त्यात वास तर साचतोच, शिवाय पाच माणसांचा श्वास कोंडून जडपणा येतो. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं बाहेरची हवा घ्यायची, थोडं गरम होईल, होऊ द्या. जेवायला थांबलो की गाडी सावलीत, नाही मिळाली तर समोरच्या काचेला पडदा आणि झाकण बंद.

परतवाडा सोडून घाट सुरू व्हायच्या आधी फ्रेशनर झिपच्या पिशवीत घालून डिक्कीत. वळणांवर मळमळ होणाऱ्याला कुठल्याही फ्रेशनरचा वास नको असतो. तिथे काचा खाली आणि फ्रेशनरऐवजी पुढे हाताशी दोन लिंबं, सुरी नको, नखाने साल खरवडली तरी पुरतं. एक कागदी पिशवी काकूच्या बाजूच्या खिशात ठेवतोय, तिला न सांगता, कारण तिला सांगितलं तर म्हणेल, "मला काही होत नाही रे, तुझ्या त्या डब्यानेच झालं होतं."