कॅज्युअल्टीच्या ड्युटीआधी: चार प्रकारचे शॉक, बीपी एकच

मेडिसिनची किंवा कॅज्युअल्टीची नाईट सुरू व्हायच्या आधी डोक्यात काय पक्कं असायला हवं ते ओळीने लिहितोय, इंटर्न आणि नवीन रेसिडेंट दोघांसाठी. शॉकचं ते कार्डिओजेनिक, सेप्टिक, ॲनाफायलॅक्टिक आणि न्यूरोजेनिक अशा चार रकान्यांचं टेबल सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, बाण वर बाण खाली, पण रात्री दोन वाजता बीपी 80/50 आलं की बाण आठवत नाहीत, आणि आठवले तरी त्यातला एक बाण बऱ्याच जणांच्या डोक्यात उलटा बसलेला असतो, त्यावर पुढे येतोच.

आधी एक फॉर्म्युला घ्या. नुसता पाठ करू नका, रिकाम्या कागदावर दोन-तीनदा आकडे घालून सोडवा.

```
SVR = 80 × (MAP − CVP) / CO
```

नॉर्मल साधारण 800 ते 1200 धरायचं. आता 80/50 चा पेशंट घ्या, म्हणजे मीन प्रेशर 60. एक आहे हार्ट अटॅकवाला, सीव्हीपी 14, कार्डिॲक आउटपुट मिनिटाला 2.3 लिटर. 60 मधून 14 गेले 46, गुणिले 80, भागिले 2.3, उत्तर 1600. दुसरी आहे युरिनच्या इन्फेक्शनमधून सेप्सिस झालेली बाई, दोन लिटर सलाईन आधीच गेलंय, सीव्हीपी 4, आउटपुट 8 लिटर. उत्तर 560. मॉनिटरवर दोघांचं बीपी अगदी एकच, आणि आत एकाच्या रक्तवाहिन्या मुठीसारख्या आवळलेल्या, दुसरीच्या सताड उघड्या. हे गणित स्वतःच्या हाताने एकदा केलं की बीपीच्या आकड्यावरून शॉकचा प्रकार ठरवायचा मोह जातो.

कॅज्युअल्टीत आउटपुट मोजायला काही नसतं, त्यामुळे दुसरी तयारी हातांची. ग्लोव्ह चढवायच्या आधी पेशंटचा पाय आणि गुडघा उलट्या हाताने चाचपा, नखावर पाच सेकंद दाब देऊन सोडा आणि रंग परत यायला किती वेळ लागतो बघा, नाडी भरलेली आहे की दोऱ्यासारखी ते बघा, आणि बीपीतला वरचा-खालचा फरक बघा. गार, घामेजलेले, ठिपकेदार पाय आणि 84/68 सारखं चिकटलेलं बीपी म्हणजे रेझिस्टन्स वर, आउटपुट खाली. गरम पाय, उड्या मारणारी नाडी आणि 88/38 सारखं खालून कोसळलेलं बीपी म्हणजे रेझिस्टन्स गेला. हे शंभर टक्के बरोबर येत नाही, पण मशिन यायच्या आधीची पाच मिनिटं याच्यावरच काढायची असतात.

आता तो उलटा बसलेला बाण. व्हायव्हात विचारलं की कार्डिओजेनिक शॉकमध्ये व्हीनस रिटर्न काय होतो, तर निम्मे जण सांगतात वाढतो, कारण मानेची शीर फुगलेली दिसते, सीव्हीपी वाढलेलं असतं. तसं नाहीये. सीव्हीपी हे प्रेशर आहे आणि व्हीनस रिटर्न हा फ्लो आहे, आणि काही ठोक्यांचा फरक सोडला तर हार्टमधून जितकं बाहेर जातं तितकंच परत येतं, दुसरीकडून रक्त येणार कुठून! फ्लोचं गणित असं:

```
VR = (Pms − RAP) / RVR
```

पहिला आकडा म्हणजे रक्ताभिसरण क्षणभर थांबवलं तर सगळीकडे जे सारखं प्रेशर उरेल ते, साधारण 7. उजव्या एट्रियममधलं प्रेशर शून्याच्या आसपास, शिरांचा रेझिस्टन्स 1.4, म्हणून 7 भागिले 1.4, मिनिटाला 5 लिटर. म्हणजे रक्त परत येतं ते या सातच्या उतारावरून. शेतातली विहीर आणि मोटर डोळ्यासमोर आणा. मोटर जळाली की विहीर तुडुंब भरलेली दिसते, पण ती भरलेली आहे म्हणजे झरे जास्त वाहतायत असं नाही, उलट पाणी वर चढल्यामुळे झऱ्यांचं वाहणं मंदावतं. कार्डिओजेनिकमध्ये एट्रियमचं प्रेशर 14 वर गेलं, शरीराने शिरा आवळून मागचं प्रेशर वर ढकललं तरी उतार सातवरून सव्वातीनवर आला, की 3.25 भागिले 1.4, तेच 2.3 लिटर. आउटपुट पण 2.3, रिटर्न पण 2.3. तर या रकान्यात लिहायचं प्रेशर वर, फ्लो खाली.

आणि याचमुळे तिथे सलाईनची बाटली उघडी सोडायची नाही. विहीर आधीच भरलीये, अजून ओतलं तर ते फुफ्फुसात उतरतं. ईसीजी आधी, छातीच्या खालच्या भागात चरचर ऐकायची, आणि इथे एक अपवाद मनात ठेवूनच जायचं: इन्फिरिअर वॉल एमआय, मानेची शीर फुगलेली, फुफ्फुस मात्र स्वच्छ, बीपी कमी. हा उजव्या व्हेंट्रिकलचा अटॅक असू शकतो, उजव्या बाजूच्या लीड लावून बघा, याला नायट्रेट दिलं तर रिटर्न अजून पडतो आणि बीपी हातातून जातं, याला उलट थोडं थोडं फ्लुइड देऊन बघायचं असतं.

कोकणात पोस्टिंग असेल तर विंचूदंशही याच रकान्यात येतो हे विसरू नका. लाल विंचवाच्या विषाने कॅटेकोलामाइन्सचा लोंढा सुटतो, रेझिस्टन्स प्रचंड वाढतो, आधी बीपी चढतं, मग त्या ओझ्याखाली हार्ट थकतं आणि पल्मनरी एडिमा होतो. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी तिथे प्राझोसिन वापरून दाखवलं, म्हणजे रेझिस्टन्स उतरवून हार्टला मोकळं केलं. कार्डिओजेनिकमधला वाढलेला रेझिस्टन्स बीपी सांभाळतो पण हार्टला महागात पडतो, हे याच्याइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

सेप्टिकबद्दल टेबल सांगतं आउटपुट वाढलेलं. ते खरं आहे, पण बहुतेक वेळा फ्लुइड गेल्यानंतर. दोन दिवस ताप, उलट्या, पोटात काही नाही अशी बाई पहिल्यांदा येते तेव्हा शिरा सैल झाल्यात, केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपलंय, त्यामुळे रिटर्न कमी, आउटपुटही कमी, पाय कधीकधी गारही लागतात. गार पाय दिसले म्हणून सेप्सिस खोडू नका. पहिल्या तीन तासांत किलोमागे 30 मिली फ्लुइड, म्हणजे 50 किलोच्या बाईला दीड लिटर, ही सुरुवात. विहीर भरली की मोटर जोरात पळते, आउटपुट 8 वर जातं आणि मगच खरा आजार उघडा दिसतो, तो म्हणजे रेझिस्टन्स. म्हणून तिथे नॉरॲड्रेनालिन, टार्गेट मीन प्रेशर 65. लॅक्टेट आणि ब्लड कल्चर पाठवून लगेच अँटिबायोटिक, कल्चरची बाटली शोधण्यात तास घालवू नका. काहींचं हार्टही सेप्सिसमध्ये मंदावतं, म्हणून फ्लुइड देऊनही बीपी हलत नाही आणि श्वास वाढतोय असं झालं तर पुढची बाटली लावायच्या आधी एको बघा.

ॲनाफायलॅक्सिसचा रकाना वेगळा का, तर इथे रेझिस्टन्स आणि रिटर्न दोन्ही एकदम जातात, आणि दोन्हींचा गुणाकार होतो. वॉर्डात सेफट्रायॲक्सोनचं इंजेक्शन दिलं, पाच मिनिटांत अंग लाल, ओठ सुजले, बीपी 60/30. मीन 40, सीव्हीपी 1, आउटपुट 3.9 धरलं तर रेझिस्टन्स येतो 800. एवढा काही भयंकर कमी आकडा नाहीये तो, पण आउटपुट इतकं पडल्यावर शरीराने तो दुप्पट करायला हवा होता आणि ते त्याला जमत नाहीये. दहा मिनिटांत रक्तवाहिन्यांतलं एक तृतीयांश पाणी बाहेर जाऊ शकतं. म्हणून याला उठून बसवायचं नाही, बाथरूमला चालवत न्यायचं नाही, उभं केल्याबरोबर रिकामं हार्ट थांबल्याचे प्रसंग नोंदलेले आहेत. आडवं करून पाय वर, फारच धाप असेल तर टेकून बसवा पण पाय लांब ठेवून. ॲड्रेनालिन 1 मिलीत 1 मिग्रॅची अँप्यूल, मोठ्या माणसाला अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, पाच मिनिटांनी फरक नाही तर परत. ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन नंतर, ते यातलं एकही प्रेशर वर आणत नाहीत. ड्युटी सुरू होताना सिस्टरना विचारून ही अँप्यूल कुठल्या कप्प्यात आहे ते स्वतः डोळ्यांनी बघून घ्या, मला हे एवढं तरी प्रत्येकाने करावं असं फार वाटतं.

शेवटी न्यूरोजेनिक. समजा आंबे काढताना झाडावरून पडलेला तिशीतला माणूस, हातपाय हलत नाहीत, बीपी 80/40, नाडी 52, त्वचा कोरडी आणि गरम. मानेच्या किंवा सहाव्या थोरॅसिकच्या वरच्या इजेत सिंपथेटिक तुटतं, धमन्या सैल, शिरांत रक्त साचलेलं, आणि हार्टला वेग वाढवायला सांगणारी वायरच तुटलेली, व्हेगस एकटाच उरलाय. मीन 53, सीव्हीपी 2, आउटपुट 4.8, रेझिस्टन्स 850. कागदावर हा आकडा नॉर्मलमध्ये बसतो! इथेच टेबल फसवतं, कारण बाण बघताना प्रश्न हा असतो की या बीपीला तो किती असायला हवा होता, आणि 53 च्या मीनला धडधाकट शरीराने तो 1500 कडे नेला असता, नाडी 120 केली असती.

पण हे निदान हातात आलं म्हणून खूश होऊन थांबायचं नाही. झाडावरून पडलेल्या माणसाच्या पोटात, छातीत, पेल्व्हिसमध्ये रक्त साचलेलं नाही हे सोनोग्राफीने बघेपर्यंत त्याला ब्लीडिंगच धरा, कारण वायर तुटलेली असली की रक्त जात असतानाही नाडी 52 च राहते आणि पोट दाबल्यावर तो दुखतंय म्हणत नाही. मानेला कॉलर, मामांना सांगून लॉग रोल, थोडं फ्लुइड, मग नॉरॲड्रेनालिन. फ्लुइड लिटरमागून लिटर देत बसू नका, पाणी गेलेलंच नाहीये, भांडं मोठं झालंय. आणि ट्यूब टाकायच्या किंवा सक्शन करायच्या आधी ॲट्रोपिन भरून हाताशी ठेवा, घशात नळी गेली की एकट्या उरलेल्या व्हेगसमुळे नाडी 52 वरून 30 वर यायला दोन सेकंदही लागत नाहीत.