सीलबंद ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल तपासताना या चुका टाळा

खानापूरच्या माझ्या मावसभावाच्या गाडीला टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सकडे पोहोचवणारा भाग, असलेला सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. गेल्या एप्रिलमध्ये बेळगावात एक्सलचे ऑइल सील बदलून आणल्यावर दोन तक्रारी सुरू झाल्या. सकाळी पहिल्यांदा रिव्हर्स टाकला की गाडी दोन-तीन सेकंद जागची हलत नसे, आणि चोर्ला घाटात चढाच्या वळणावर इंजिनाचा आवाज एकदम वाढूनही गाडीला ओढ मिळत नसे. ही दोन्ही लक्षणे ऑइल कमी असल्याकडे बोट दाखवतात. गॅरेजमधल्यांचे म्हणणे मात्र असे होते, ‘अहो, लेव्हल बघूनच आम्ही प्लग बंद केलाय.’ त्यांनी लेव्हल बघितली होती हे खरेच होते. चूक झाली ती तापमानाची.

अशा बहुतेक गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. अनेकांत तळाच्या चेक प्लगच्या आत एक उभी नळी असते आणि तिच्या वरच्या तोंडाच्या वर गेलेले ऑइल प्लग उघडताच खाली गळते. ही खूण इंजिन चालू असताना आणि ऑइल ठरावीक तापमानाला असतानाच खरी मानायची. कित्येक मॉडेलना ही मर्यादा ३५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, परंतु नेमका आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. ऑइल तापले की फुगते. सुमारे ७ लिटर ऑइल ४० अंशांवरून ८० अंशांवर गेले, तर त्याचे आकारमान साधारण २०० मिलिलिटरने वाढते. मावसभावाची गाडी दुपारच्या उन्हात हायवेवर चाचणीसाठी फिरवून आणून लगेच पिटवर घेतली होती. फुगलेले ऑइल नळीतून गळाले, ‘भरले’ असे समजून प्लग लावला गेला, आणि गाडी थंड झाल्यावर तेवढेच ऑइल कमी पडले. याच्या उलट, ऑइल गार असताना गळेपर्यंत भरत राहिल्यास तापल्यावर ते जास्त होते, फिरत्या भागांत घुसळून त्याला फेस येतो आणि फेसाळ ऑइल दाब धरत नाही.

इंजिन बंद ठेवून प्लग उघडणे ही याहून मोठी चूक आहे. पंप थांबला की वरचे ऑइल तळाच्या पॅनमध्ये उतरते, त्यामुळे प्लग उघडताच बरेच ऑइल वाहून जाते आणि बघणाऱ्याला ते जास्तीचे वाटते.

तापमान मोजतानाही फसगत होते. गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये लावायचा स्वस्त ओबीडी अडॅप्टर मोबाइलवर बहुधा इंजिनाच्या कूलंटचे तापमान दाखवतो. कूलंट ८५ अंशांवर पोहोचले तरी गिअरबॉक्सचे ऑइल अजून ४० अंशांच्या आत असू शकते. म्हणून गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमधून ऑइलचे तापमान वाचणारा स्कॅनरच हवा.

आम्ही गाडी रात्रभर दुसऱ्या गॅरेजच्या लिफ्टवर सपाट उभी ठेवली. सकाळी साडेसातला स्कॅनरवर ऑइल २४ अंश होते. मेकॅनिकने आधी बाजूचा भरायचा प्लग सैल करून पाहिला, कारण खालचा उघडून बसल्यावर वरचा निघालाच नाही, तर गळालेले ऑइल परत भरायचे कुठून? मग इंजिन चालू केले आणि आत बसलेल्या माणसाने ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक स्थितीत काही सेकंद थांबवत परत पार्कवर आणला. ३८ अंशांवर चेक प्लग उघडला, तर एक थेंबही आला नाही. मॅन्युअलमध्ये सांगितलेलेच ऑइल थोडे थोडे भरत गेल्यावर सुमारे २५० मिलिलिटरनंतर बारीक धार सुरू झाली. धार तुटून थेंब थेंब पडू लागले तेव्हा ४३ अंश झाले होते. नवा वॉशर घालून प्लग टॉर्क रेंचने आवळला. त्यानंतर रिव्हर्स लगेच लागू लागला आणि घाटातली ओढही परत आली.

हे काम मालकाने घरी करावे का? माझ्या मते, करू नये. गाडी चारही बाजूंनी समपातळीत उचललेली, इंजिन चालू, लिव्हर फिरवला जात आहे आणि माणूस खाली, ही स्थिती घरच्या जॅकवर जिवावर बेतू शकते. एकच बाजू उचलली तर लेव्हलही खोटी येते. भक्कम पिट किंवा लिफ्ट, योग्य स्कॅनर, मॅन्युअल आणि जोडीला दुसरा माणूस असल्यासच याचा विचार करावा. हे सारे टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सपुरते आहे. आपल्या भागात ‘ऑटोमॅटिक’ म्हणून सर्रास दिसणाऱ्या एएमटी गाड्यांत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, त्याची तपासणी वेगळी आहे. ठरावीक गिअर नसलेल्या सीव्हीटी ऑटोमॅटिकची पद्धतही वेगळी असू शकते.

मालकाने स्वतः बघायचे ते गळतीकडे. गाडी रात्रभर उभी असते तिथे पुठ्ठा अंथरावा आणि सकाळी लालसर किंवा तपकिरी डाग आहे का, ते पाहावे. तपासणी करून घ्यायची असल्यास, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजमध्ये सोडावी, म्हणजे सकाळी ऑइल थंड असताना सुरुवात होईल. आणि प्लग उघडण्यापूर्वी स्कॅनरवरचा आकडा आपल्यालाही दाखवायला सांगावे.