वेल्डरने काम शोधताना फोनवर काय सांगावं

वेल्डिंगची चांगली कामं ॲपवर येण्याआधी ठेकेदाराच्या फोनवर आणि वेल्डर-फिटरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. तिथे ‘काम आहे का?’ एवढंच टाकलं की कुणी ढुंकून बघत नाही. असं लिहा: ‘टिग आणि आर्क, पाइप 6G, चाकण-तळेगाव चालेल, सोमवारपासून मोकळा.’ 6G म्हणजे ४५ अंशात तिरका, न फिरणारा पाइप. जे जमतं तेच लिहा, कारण साइटवर आधी टेस्ट पीस मारायला लावतात आणि रूट नीट उतरला नाही तर तिथूनच परत पाठवतात.

ठेकेदाराचा फोन आला की हजेरी आठ तासांची की बाराची, हे आधी विचारा. ९०० रुपये आठ तासांना आणि १,१०० बाराला, यात दुसरा आकडा मोठा दिसतो, पण तासाला जेमतेम ९२ रुपये पडतात, पहिल्यात ११२. मग पगाराची तारीख, खोली आणि पीएफ. पीएफ कापणार असेल तर महिन्याभराने UAN पासबुकात रक्कम जमा झाली का पाहा.

ॲपवरून फोन करून कुणी ‘गेटपासचे’ किंवा ‘रजिस्ट्रेशनचे’ पैसे आधी मागितले, तर फोन तिथेच ठेवा.