फ्रीडमन चाचणीचा निकाल लिहिताना या चुका टाळा

तेच परीक्षक, तीन-चार प्रकार आणि प्रत्येक प्रकाराला १ ते ५ गुण. अशा माहितीवर फ्रीडमन चाचणी चालवायला एक ओळ पुरते. घोळ होतो तो निकाल लिहिताना, आणि सगळ्यात जास्त होतो तो जोड्यांच्या तुलनेत.

एक उदाहरण घेऊ. एकाच ध्वनिमुद्रणाच्या तीन आवृत्त्या अ, ब, क आहेत. १० परीक्षकांनी तिन्ही ऐकून स्पष्टतेसाठी १ ते ५ गुण दिले. परीक्षक १ ते १० यांचे गुण त्याच क्रमाने असे:

अ: ३, २, ३, २, ४, २, ३, १, ३, २
ब: ४, ४, ३, ३, ३, ४, ४, ३, ५, ३
क: ५, ४, ५, ४, ५, ५, ४, ४, ४, ३

स्तंभ आणि ओळी उलटणे

फ्रीडमन चाचणीत रँक प्रत्येक परीक्षकाच्या आत दिले जातात. पहिल्या परीक्षकाचे ३, ४, ५ म्हणजे रँक १, २, ३. दुसऱ्याचे २, ४, ४ म्हणजे १, २.५, २.५. आरमध्ये मॅट्रिक्स दिलं तर ओळी म्हणजे परीक्षक आणि स्तंभ म्हणजे प्रकार असं धरलं जातं. मॅट्रिक्स उलटं दिलं तरी चाचणी तक्रार न करता चालते आणि परीक्षकांचीच एकमेकांशी तुलना करून मोकळी होते. ही चूक ओळखायची खूण म्हणजे स्वातंत्र्यमात्रा. ती प्रकारांच्या संख्येपेक्षा एकने कमी असते, म्हणजे इथे २. निकालात ९ दिसले तर मॅट्रिक्स उलटं आहे. छापून येणाऱ्या आकड्यांत सगळ्यात आधी हाच बघावा. मॅट्रिक्सच्या भानगडीत न पडता सूत्र लिहिलं तर हा धोका उरत नाही:

```r
friedman.test(gun ~ prakar | parikshak, data = d)
```

आपल्या माहितीवर रँकच्या बेरजा अ ११.५, ब २१, क २७.५ येतात. पुस्तकातल्या साध्या सूत्राने χ² = १२.९५ मिळतं, पण चार परीक्षकांनी दोन आवृत्त्यांना सारखेच गुण दिले आहेत. त्या बरोबरीची दुरुस्ती केली की भाजक ०.९ होतो आणि χ² = १४.३९ येतं. आर ही दुरुस्ती आपोआप करतं, हाताने केलेल्या स्प्रेडशीटमध्ये ती बहुतेक वेळा राहून जाते. १ ते ५ च्या मोजपट्टीवर बरोबरी होणारच, त्यामुळे दुरुस्ती केली आहे हे अहवालात लिहावं.

जोड्यांची पद्धत निकाल पाहून ठरवणे

ही चूक सगळ्यात महाग पडते. फ्रीडमन चाचणी फक्त एवढंच सांगते की तिन्ही आवृत्त्यांना सारखी वागणूक मिळालेली नाही. कोणती कोणापेक्षा वेगळी, हे पुढच्या तुलनांतून कळतं, आणि तिथे पद्धत बदलली की उत्तर बदलतं. आपल्याच माहितीवर हे पाहू.

प्रत्येक जोडीवर विल्कॉक्सन साइन्ड-रँक चाचणी लावली, तर अचूक p अशी मिळते: अ–क ०.००२, अ–ब ०.०२३, ब–क ०.०९४. तुलना तीन आहेत, म्हणून दुरुस्ती हवी. बॉनफेरोनीने प्रत्येक p ला ३ ने गुणलं, तर अ–ब ०.०७० वर जातं आणि भेद हातातून सुटतो. होल्मच्या पद्धतीत सगळ्यात लहान p ला ३ ने, पुढच्याला २ ने आणि शेवटच्याला १ ने गुणतात. तिथे अ–ब ०.०४७ येतं आणि भेद टिकतो. सरासरी रँकवर आधारलेली नेमेन्यी पद्धत घेतली, तर ५ टक्के पातळीवर सरासरी रँकमध्ये किमान १.०५ चा फरक लागतो. अ–ब चा फरक ०.९५ आहे, म्हणजे पुन्हा भेद नाही.

तिन्ही पद्धती मान्यताप्राप्त आहेत. म्हणूनच तिन्ही चालवून सोयीची निवडणं हा आडमार्ग आहे, आणि घाईत असलेले नवखे नेमके तिथूनच जातात. पद्धत माहिती गोळा करण्याआधी ठरवा आणि नाव घेऊन लिहा. जोड्या विल्कॉक्सनने तपासायच्या असतील तर बॉनफेरोनीऐवजी होल्म घ्यावी: एकूण चूक तेवढीच काबूत राहते आणि हातातले भेद कमी निसटतात. नेमेन्यीत एक अडचण आहे. अ आणि ब यांच्या सरासरी रँकमधला फरक क ला किती गुण मिळाले यावरही अवलंबून असतो.

विल्कॉक्सनचीही एक मर्यादा आहे. ती गुणांतल्या फरकांना रँक देते, म्हणजे २ वरून ४ ची उडी ४ वरून ५ च्या उडीपेक्षा मोठी मानते. मोजपट्टीवर एवढाही भरवसा नसेल तर साधी चिन्ह चाचणी वापरा. तिथे अ–ब साठी ८ विरुद्ध १, p = ०.०३९ आणि होल्मनंतर ०.०७८.

जोड्या तुटणे आणि शून्य फरक

```r
d <- d[order(d$prakar, d$parikshak), ]
pairwise.wilcox.test(d$gun, d$prakar,
  paired = TRUE, p.adjust.method = "holm")
```

पहिली ओळ गाळू नका. हे फंक्शन परीक्षकाचं नाव पाहत नाही, फक्त क्रम पाहतं. क्रम विस्कटला की एकाचे गुण दुसऱ्याच्या गुणांशी जोडले जातात आणि कोणतीही सूचना येत नाही. `paired = TRUE` विसरलं तर प्रत्येक आवृत्तीचे परीक्षक वेगळेच आहेत असं चाचणी समजते.

बरोबरी किंवा शून्य फरक असले की हे फंक्शन सहसा अचूक p सोडून अंदाजी p देतं. अ–क साठी ती होल्म दुरुस्तीआधी ०.००५ येते, अचूक ०.००२ आहे. अचूक हवी असेल तर `coin` पॅकेजमधलं `wilcoxsign_test` हे `distribution = "exact"` देऊन वापरा, पण त्यात शून्य फरक हाताळायची मूळ पद्धत वेगळी आहे. वरचे आकडे `zero.method = "Wilcoxon"` प्रमाणे आहेत. ब–क मध्ये तीन परीक्षकांचा फरक शून्य आहे, म्हणजे तुलना प्रत्यक्षात सातांवरच उभी आहे. अहवालात हे आलंच पाहिजे.

थोडक्यात बाकीच्या

एका परीक्षकाने एक जरी गुण दिला नाही तरी मॅट्रिक्स दिलेलं असताना आर त्या परीक्षकाला पूर्ण वगळतं, म्हणून उरलेली संख्या लिहा. p = ०.००० असं लिहू नका. क्रुस्कल–वॉलिस चाचणी इथे चालत नाही, कारण परीक्षक तेच आहेत. सरासरी आणि प्रमाण विचलन देऊन मग रँकची चाचणी लावणं विसंगत दिसतं. मध्यक आणि सरासरी रँक द्या. परिणामाचं माप म्हणून केंडॉलचा W द्या, तो χ² ला (परीक्षक × स्वातंत्र्यमात्रा) ने भागून मिळतो: १४.३९ ÷ २० = ०.७२. हा परीक्षकांच्या क्रमवारीतला मेळ आहे, आवृत्ती किती चांगली याचं माप नव्हे. आणि ब–क मध्ये भेद दिसला नाही म्हणजे त्या सारख्या ठरल्या असं होत नाही, सात जणांवर तर नाहीच.

हे सगळं धरून निकाल असा लिहिता येतो:

“१० परीक्षकांनी तिन्ही आवृत्त्यांना गुण दिले (मध्यक: अ २.५, ब ३.५, क ४. सरासरी रँक: १.१५, २.१०, २.७५). बरोबरीची दुरुस्ती केलेल्या फ्रीडमन चाचणीत भेद आढळला, χ²(२) = १४.३९, p = ०.०००८, W = ०.७२. आधी ठरवल्याप्रमाणे विल्कॉक्सन साइन्ड-रँक चाचणी (अचूक, शून्य फरक वगळून) होल्म दुरुस्तीसह केली. अ पेक्षा क ला (p = ०.००६) आणि अ पेक्षा ब ला (p = ०.०४७) जास्त गुण मिळाले. ब आणि क यांत भेद आढळला नाही (p = ०.०९४, शून्येतर फरक ७).”