पेऑफ मॅट्रिक्समधून नॅश समतोल काढताना या चुका टाळा

दोन-बाय-दोनच्या मॅट्रिक्समध्ये नॅश समतोल काढायला गणित फारसं लागत नाही. मार्क जातात ते कोणता आकडा कोणत्या आकड्याशी ताडायचा यात गोंधळ झाला की. म्हणून एकच उदाहरण घेऊ आणि गोंधळ नेमका कुठे होतो ते त्यातच पाहू.

पुणे ते नागपूर रात्रीची बस चालवणारे दोन मालक आहेत, अ आणि ब. दोघांनाही सुटण्याची वेळ ठरवायची आहे: रात्री ९ किंवा रात्री ११. एकमेकांचा निर्णय कळायच्या आधी दोघांनी आपापला निर्णय घ्यायचा आहे. घरातला पहिला आकडा अ-चा नफा, दुसरा ब-चा. दोन्ही हजार रुपयांत.

| | ब: रात्री ९ | ब: रात्री ११ |
|---|---|---|
| अ: रात्री ९ | २, ३ | ६, ४ |
| अ: रात्री ११ | ४, ७ | १, १ |

आडवं की उभं?

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक इथली. अ ओळीत बसलाय, म्हणून विद्यार्थी त्याचे आकडे ओळीतच वाचतात: पहिल्या ओळीत २ आणि ६, त्यात ६ मोठा, झालं अधोरेखित. पण २ वरून ६ वर जायचं तर ब-ने आपली वेळ ९ ची ११ करायला हवी, आणि ते अ-च्या हातात नाही. अ फक्त ओळ निवडतो. स्तंभ ब निवडतो.

त्यामुळे अ-साठी प्रश्न असा विचारायचा: ब-ने ९ ची वेळ घेतली असं धरलं, तर मला काय परवडतं? दुसरा स्तंभ सरळ हाताने झाका. उरलेल्या स्तंभात अ-चे आकडे वरून खाली २ आणि ४ आहेत. ४ खाली रेघ मारा. आता पहिला स्तंभ झाका. ६ आणि १ उरतात, रेघ ६ खाली. ब-साठी हेच आडवं करायचं. खालची ओळ झाकली की ब-चे ३ आणि ४ दिसतात, रेघ ४ खाली. वरची झाकली की ७ आणि १, रेघ ७ खाली.

दोन्ही आकड्यांखाली रेघ असलेली घरं दोन निघाली: ६, ४ आणि ४, ७. केवळ शुद्ध स्ट्रॅटेजींचा विचार केला तर हेच दोन समतोल.

पुढे जाण्याआधी एक तपासणी जरूर करा. प्रत्येक स्तंभात अ-ची किमान एक रेघ आणि प्रत्येक ओळीत ब-ची किमान एक रेघ असायलाच हवी. एखादा स्तंभ कोरा राहिला आणि दुसऱ्यात अ-च्या दोन्ही आकड्यांखाली रेघा आल्या, तर तुलना बहुधा आडवी झाली आहे.

बेरीज करून घर निवडू नका

४, ७ ची बेरीज ११ आणि ६, ४ ची १०, म्हणून पहिलंच खरं, असं लिहिलेलं उत्तर हमखास येतं. समतोलाचा बेरजेशी काही संबंध नाही. कसोटी एवढीच, की समोरचा जागचा हलला नाही तर माझं एकट्याचं वेळ बदलून भलं होतं का? ६, ४ च्या घरात उभं राहून पाहा. अ-ने वेळ बदलली तर त्याचा नफा ६ वरून १ वर येतो. ब-ने बदलली तर ४ वरून ३ वर. कुणालाच हलावंसं वाटत नाही, म्हणून तो समतोल. ब-ला दुसऱ्या घरातले ७ खुणावत असतील, पण तिथे पोचायला दोघांनी एकाच वेळी वेळ बदलावी लागेल. तिरकी उडी कसोटीत धरायची नाही. कैद्यांच्या पेचात तर दोघांनाही जास्त देणारं घर समोर दिसत असूनही तो समतोल नसतो, ते याच कारणाने.

उत्तर लिहिताना मात्र ‘समतोल ६, ४’ असं लिहू नका. ते समतोलात मिळणारे पेऑफ झाले. समतोल म्हणजे स्ट्रॅटेजींची जोडी: अ रात्री ९, ब रात्री ११. दुसरा: अ रात्री ११, ब रात्री ९.

मिश्र समतोलात कुणाचे आकडे घ्यायचे

दोन समतोल सापडले की बरेच जण पेन खाली ठेवतात. असाइनमेंटमध्ये ‘सर्व समतोल’ असा शब्द असेल तर काम अजून उरलेलं असतं. रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं, की जवळपास प्रत्येक मर्यादित खेळात समतोलांची संख्या विषम असते. म्हणून दोन मिळाले की तिसरा शोधायचा.

ब हा q संभाव्यतेने ९ ची वेळ घेतो असं मानू. मग अ-ला ९ ची वेळ घेऊन सरासरी २q + ६(१ − q), म्हणजे ६ − ४q मिळतात. ११ ची घेऊन ४q + १(१ − q), म्हणजे १ + ३q. दोन्ही सारखे असतील तरच अ दोन्ही वेळा मिसळायला तयार होईल. समीकरण सोडवलं की q = ५/७ येतं.

इथेच पाय घसरतो. आकडे अ-चे वापरले, म्हणून ५/७ ही अ-ची संभाव्यता असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. ती ब-ची आहे. अ-चे पेऑफ ब-चं मिश्रण ठरवतात, कारण ब-चं मिश्रण असं हवं की अ-ला दोन्ही वेळा सारख्याच वाटाव्यात. अ-ची संभाव्यता p काढायला ब-चे आकडे लागतात: ७ − ४p = १ + ३p, म्हणून p = ६/७. तिसरा समतोल असा: अ ९ ची वेळ ६/७ संभाव्यतेने घेतो, ब ५/७ ने.

अदलाबदल झाली का, हे उत्तर परत घालून कळतं. p = ५/७ धरून पाहा. ब-ला ९ ची वेळ घेऊन २९/७ मिळतात आणि ११ ची घेऊन २२/७. मग तो ११ ची वेळ घेईलच कशाला? समतोल मोडला. p = ६/७ घातलं तर दोन्हीकडे २५/७ येतात. आपल्या मॅट्रिक्सचे आकडे मुद्दाम असमान ठेवलेत. दोघांचे पेऑफ सारखे असते तर p आणि q सारखेच आले असते आणि ही चूक झाकली गेली असती.

p किंवा q ऋण आलं, किंवा १ पेक्षा मोठं आलं, तर आधी वजाबाकी तपासा. ती बरोबर असेल तर दोन्ही स्ट्रॅटेजी मिसळून खेळणारा समतोल त्या खेळात नाही. ज्याचे पेऑफ समीकरणात घेतले, त्याची एक स्ट्रॅटेजी दुसरीपेक्षा दरवेळी सरस असते.

बरोबरी आली तर

समजा, हेच दोन मालक सामायिक तिकिटाचा करार करायचा की नाही हे ठरवत आहेत. दोघांनी होकार दिला तर प्रत्येकाला १, नाहीतर दोघांनाही ०. होकारात तोटा कधीच नाही, म्हणून ‘नकार’ ही ओळ आणि तोच स्तंभ खोडून टाकावासा वाटतो. खोडल्यावर होकार-होकार हा एकच समतोल उरतो आणि उत्तर अपुरं राहतं. नकार-नकार या घरात कुणीही एकट्याने होकार दिला तरी त्याला ०च मिळतात. बदलून काही वाढत नाही, म्हणजे तोही समतोलच. बरोबरी असेल तिथे दोन्ही आकड्यांखाली रेघ मारा. खोडायचं ते फक्त प्रत्येक वेळी निखालस कमी देणारी स्ट्रॅटेजी असेल तेव्हाच.

या खेळात तिसरा समतोल शोधत बसू नका. समोरच्याच्या होकाराची जराशी जरी शक्यता असली तरी होकार देणंच फायद्याचं ठरतं, म्हणून मिसळायला कुणीच तयार होत नाही. विल्सन यांच्या निष्कर्षातला ‘जवळपास’ हा शब्द अशा बरोबरीच्या खेळांसाठीच आहे.